आईचं मनगट मोडलंय: आठव्या दिवशी हाड सरकलं, बोटं सुजलीत, पुढे काय करावं?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे, साताऱ्याला बाबांबरोबर राहते. मी पुण्याला, दर शनिवार-रविवारी जाते. पहाटे पाचच्या सुमारास लघवीला उठली आणि बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पाय घसरून उजव्या हातावर पडली. मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकडं दिसत होतं. त्याच दिवशी मोडल्या जागी भूल देऊन हाड ओढून बसवलं आणि कोपराच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं.

काल आठवा दिवस होता. परत एक्स-रे काढला तर हाड थोडं मागे झुकलंय, पंधरा अंशांच्या आसपास. सांध्याच्या आत तडा नाही, असं सांगितलं. एक डॉक्टर म्हणतात प्लेट टाकू, दुसरे म्हणतात राहू द्या. बोटं सुजलेली आहेत आणि आई ती हलवत नाही, कारण शेजारच्या काकूंनी सांगितलंय की हलवलं तर हाड सरकतं. हात दिवसभर गळ्यातल्या झोळीत असतो. व्हिटॅमिन डी ११ आलंय. दर आठवड्याला ६०,००० युनिटचं एक साशे असे आठ आठवडे दिलेत, शिवाय कॅल्शियमची गोळी. आता नेमकं काय करायचं?

मधुमालती
मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्लेटचं अस्थितज्ज्ञ सांगतीलच, पण बोटांचं आजच करायला हवं. बोटं हलवल्याने मनगटाचं मोडलेलं हाड सरकत नाही. प्लास्टर मनगटाला धरून ठेवण्यासाठी आहे, बोटं मोकळी राहावीत असाच त्याचा हिशोब असतो. या वयात बोटं तीन-चार आठवडे तशीच राहिली तर प्लास्टर निघाल्यावर मूठच वळत नाही, आणि मनगटापेक्षा बोटांचा ताठरपणा घालवायला जास्त महिने लागतात.

आधी एक बघा. प्लास्टरची कड तळव्यात कुठपर्यंत आलीय? बोटं मुळापासून दुमडली की तळव्यावर जी आडवी घडी पडते, तिच्या अलीकडे, म्हणजे मनगटाच्या बाजूला, प्लास्टर संपलं पाहिजे. ते त्या घडीवर चढलं असेल तर मूठ वळूच शकत नाही आणि आई कितीही मन लावून करो, उपयोग होत नाही. तसं असेल तर प्लास्टर घालणाऱ्यांकडून कड कापून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण घरी कात्री लावू नका.

कोयनाकाठ
मधुमालतीताई, आत्ता व्हिडिओ कॉलवर पाहिलं. कड घडीच्या बरीच पुढे आहे, बोटांच्या मुळांवर बसलीय. आणि अंगठी अजून बोटात आहे, निघत नाही म्हणून तशीच राहिली.

मधुमालती
मग उद्या सकाळी आधी तेवढंच करून घ्या. अंगठीचं आज रात्रीच बघा. हात उशांवर उंच ठेवून अर्धा तास पडू द्या, मग साबणाचं पाणी लावून हळूहळू फिरवत काढा. नाही निघाली तर सोनाराकडे किंवा दवाखान्यात कापून घ्या, सूज वाढली की ती बोट आवळते.

व्यायाम असे. बोटं पूर्ण सरळ, मग फक्त वरचे दोन पेर दुमडून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ. त्यानंतर पेर सरळ ठेवून बोटं फक्त मुळातून वाकवायची. मग बोटं पसरून जवळ आणायची, आणि शेवटी अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा. प्रत्येक दहा वेळा, जागेपणी दर तासाला. थोडं दुखेल, ते चालतं. स्वतःला जमत नसेल तर डाव्या हाताने दुमडून द्यावीत.

झोळी फक्त घराबाहेर जाताना. घरात बसलेलं असताना हात उशीवर असा ठेवा की बोटं कोपरापेक्षा वर आणि कोपर छातीच्या पातळीला. झोळीत हात लोंबकळतो, सूज बोटांत उतरते आणि खांदाही आखडतो. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा दोन्ही हात डोक्याच्या वर नेणं आणि कोपर पूर्ण सरळ करणं चुकवू नका. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट ठीक आणि खांदा वर जात नाही, असे पेशंट आमच्याकडे फार येतात.

अस्थिरंग
अस्थिरोग विभागात काम करतो. मधुमालतीताईंच्या सगळ्याला दुजोरा. आधी धोक्याच्या खुणा सांगतो, मग प्लेट.

हात उंच ठेवून, गोळी घेऊनही दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, तुम्ही बोट हलकेच सरळ केलंत तरी आई ओरडली, बोटं निळसर किंवा पांढरी पडली, किंवा अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर होऊन मुंग्या आल्या, तर रात्री-अपरात्रीही जा आणि प्लास्टर सैल करून घ्या. त्या तीन बोटांचा बधिरपणा म्हणजे मनगटातून जाणारी मुख्य नस दाबली जातेय. 'सकाळी बघू' म्हणून थांबलात तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

आता प्लेट. मनगटाजवळचं हाड टोकाला स्पंजासारखं असतं. ठिसूळ हाडात ते आपटल्यावर चुरडतं, ओढून बसवल्यावर मागच्या बाजूला पोकळी उरते आणि प्लास्टरमध्येही हाड हळूहळू त्या पोकळीत झुकतं. आठव्या दिवशी सरकलं ही प्लास्टर घालणाऱ्याची चूक असेलच असं नाही, बहुतेकदा हाडाचा दोष असतो. म्हणूनच पहिल्या दोन आठवड्यांत दर आठवड्याला एक्स-रे काढतात.

निरोगी मनगटात सांध्याचा पृष्ठभाग तळव्याकडे अकरा अंशांच्या आसपास झुकलेला असतो. आईचा पाठीमागे पंधरा अंश गेलाय. चाळिशीच्या बाईला मी प्लेट सांगितली असती. ६५ च्या पुढे मात्र एक वर्षानंतर हाताचं काम पाहिलं तर प्लेटवाले आणि प्लास्टरवाले साधारण सारखेच येतात, एक्स-रे मात्र प्लेटवाल्यांचा सुंदर दिसतो. फरक पडतो पहिल्या तीन महिन्यांत. प्लेट असेल तर दोन आठवड्यांत मनगट हलवायला मिळतं, प्लास्टर असेल तर साडेपाच-सहा आठवडे थांबावं लागतं. प्लास्टरने जुळलं तर मनगट किंचित वाकडं दिसेल, करंगळीकडचं हाड उंचवट्यासारखं वर येईल आणि पकड थोडी कमी राहू शकते.

प्लेटचीही किंमत आहे. भूल, जखम, आणि प्लेटच्या कडेला किंवा स्क्रूच्या टोकाला बोटांच्या कंडरा घासून तुटण्याची शक्यता. सांध्याच्या आत पायरी पडली असती किंवा नसेवर दाब असता, तर मी वाट पाहू नका म्हटलं असतं.

रानजाई
अस्थिरंग, इथे मी थोडी असहमत आहे. मीही याच क्षेत्रात आहे. 'सारखेच येतात' हे सरासरीचं वाक्य आहे. घरात तिचंच काम चालतं, स्वयंपाक, शेजारपाजार, बाबांचं पथ्यपाणी असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत हात लवकर मिळणं तिच्यासाठी फार मोठं आहे. उजवा हात आहे. ६८ म्हणजे म्हातारपण नाही. तब्येत बरी असेल तर मी तिला प्लेटचा पर्याय मनापासून सांगितला असता, 'राहू द्या' असं एका दमात नाही.

अस्थिरंग
मान्य, म्हणूनच आईला विचारायला हवं. एक मात्र ठरलेलं आहे. निर्णय पहिल्या दोन आठवड्यांत व्हायला हवा. तीन आठवड्यांनंतर हाड जुळायला लागतं, मग तेच ऑपरेशन जुळलेलं हाड पुन्हा तोडून करण्याइतकं अवघड होतं.

शेवंती७१
माझ्या सासूबाईंचाही असाच हात मोडला होता. आम्ही हाडवैद्याकडे नेलं, त्यांनी पट्टी बांधली, रोज तेल लावून चोळलं, दोन महिन्यांत बऱ्या झाल्या. एवढे डॉक्टर, एक्स-रे, प्लेट कशाला? वाकडं राहिलं असं वाटतं, पण काम चालतं. तुमच्या आईलाही घेऊन जा.

अस्थिरंग
शेवंतीताई, सासूबाईंचं काम चालतं हे चांगलंच आहे. वाकडं जुळलेलं मनगटही या वयात बऱ्यापैकी कामाला येतं, तेच मी वर म्हणालो. पण ताजा तडा चोळला की हाड सरकतं आणि सूज वाढते. घट्ट पट्टी बांधून बोटं काळी पडलेले रुग्ण दर वर्षी येतात. यांच्या आईचं हाड आधीच सरकतंय, तिथे चोळणं अजिबात नको. प्लास्टर निघून एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसलं की हलक्या हाताने तेल लावायला माझी ना नाही, त्वचा कोरडी पडलेली असते तेव्हा बरंच वाटतं.

कोयनाकाठ
अपडेट. कड कापली, अंगठी निघाली. मूठ अर्धी वळतेय. आई स्पष्ट म्हणाली, "मला ऑपरेशन नको, वाकडं दिसलं तरी चालेल." बाबांना मधुमेह आहे, घरात दुसरं माणूस नाही, म्हणून रानजाईताईंचं म्हणणंही मनात घोळतंय, पण तिचा निर्णय मान्य केला. चौदाव्या दिवसाचा एक्स-रे झाला, झुकाव तेवढाच आहे.

आता दुसरा प्रश्न. हाडाची घनता तपासली. कण्याचा टी-स्कोअर उणे १.१, खुब्याच्या मानेचा उणे २.३. रिपोर्टवर लिहिलंय 'ऑस्टिओपेनिया'. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नाही ना?

विद्यार्थी
उणे २.५ च्या खाली असेल तरच ऑस्टिओपोरोसिस. तुमच्या आईला नाही, त्यामुळे औषधांची गरज नाही. फक्त कॅल्शियम भरपूर ठेवा, दिवसाला दोन-तीन गोळ्या, दूध, नाचणी, तीळ. आणि ते साशे आठ आठवड्यांनी बंद करू नका, दर आठवड्याला चालूच ठेवा, हाडं लोखंडासारखी होतात. व्हिटॅमिन डी जास्त झालं तर लघवीतून जातं.

अस्थिरंग
विद्यार्थी, उणे २.५ ची रेघ बरोबर सांगितलीत. नाचणी-तीळही उत्तम. बाकी दोन गोष्टींवर मात्र थांबा.

व्हिटॅमिन डी लघवीतून जात नाही. ते चरबीत साठतं. दर आठवड्याला ६०,००० असं महिनोन् महिने चालू राहिलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मग तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी मूत्रपिंडं खराब. आपल्याकडे औषधांच्या दुकानात साशे सहज मिळतं, 'मागच्या वेळचंच द्या' म्हणून वर्षभर घेतलेले लोक दिसतात. आठ आठवडे पुरेत, मग महिन्यातून एक, आणि तीन महिन्यांनी पातळी तपासा. एकदम मोठा डोसही चांगला नाही. वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिलेल्या वयस्कर बायकांच्या चाचणीत पडण्याचं प्रमाण कमी न होता उलट वाढलं होतं.

कॅल्शियमचा हिशोब असा. रजोनिवृत्तीनंतर आयसीएमआरने दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय, पण ते जेवणासकट. दोन कप दूध किंवा दही म्हणजे सुमारे साडेचारशे-पाचशे, नाचणीच्या दोन भाकरींच्या पिठात साधारण तीनशे. उरलं तेवढंच गोळीने भरायचं, म्हणजे बहुतेकदा एकच गोळी. पाकिटावर बघा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं, अनेकांची गल्लत तिथेच होते. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायची. थायरॉइडची गोळी असेल तर मध्ये चार तास ठेवा. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, तिथे सिट्रेट बरं.

आता टी-स्कोअर. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, हा स्कोअरपेक्षा मोठा पुरावा आहे. अशा फ्रॅक्चरनंतर पुढे खुबा किंवा मणका मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दुसरं म्हणजे कण्याचा उणे १.१ हा आकडा फसवा असू शकतो. साठीनंतर मणक्यांना काटे फुटतात, पुढची रक्तवाहिनी कडक होते, ती सगळी घनता यंत्र हाडातच मोजतं आणि आकडा चांगला दिसतो. म्हणून खुब्याचा उणे २.३ खरा धरा. 'ऑस्टिओपेनिया' म्हणून फाईल बंद करू नका.

विचारतो ते सांगा. तरुणपणापेक्षा उंची कमी झालीय का?

कोयनाकाठ
लग्नाच्या सुमारास सरकारी दवाखान्यातल्या कार्डावर १५४ सेंटिमीटर लिहिलेली आहे. आज भिंतीला टेकवून मोजली, १४९ भरली. तिला वाटतं वयामुळे वाकलीय.

अस्थिरंग
चार सेंटिमीटरच्या पुढे उंची गेली असेल तर कण्याचा बाजूने एक्स-रे काढायचा. मणके अनेकदा न दुखता दबतात, बाई पाठ दुखतेय म्हणून बाम लावत बसते. त्याच वेळी रक्तात कॅल्शियम, क्रिएटिनीन, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस बघून घ्या. शेवटची चाचणी मज्जेच्या एका कर्करोगासाठी असते. शक्यता कमी, पण राहून गेली तर फार वाईट. अल्कलाइन फॉस्फेटेज थोडं वाढलेलं आलं तर घाबरू नका, हाड जुळत असताना ते वाढतंच.

कोयनाकाठ
एक्स-रेचा रिपोर्ट आला. 'डी १२ मणका पुढून दबलेला, जुना.' तिला कळलंसुद्धा नव्हतं. रक्तातलं बाकी सगळं ठीक, क्रिएटिनीन ०.८. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेट सुचवलंय. तिला जळजळ होते, रोज आम्लपित्ताची गोळी घेते.

अस्थिरंग
मणका दबलेला निघाला म्हणजे टी-स्कोअरचा वाद संपला, औषध सुरू करायचं. विद्यार्थी, मणका नसता निघाला तर मनगट आणि ऑस्टिओपेनिया यांवर औषध द्यायचं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका फ्रॅक्स या गणकावर काढून ठरवायचं, यावर देशोदेशींचे सल्ले वेगळे आहेत. तिथे तुमच्या बाजूचे डॉक्टरही भेटले असते.

अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी चांगली आहे, पण ती नियमाने घ्यावी लागते. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास उभं किंवा बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. चहाबरोबर घेतली तर पोटात शोषलीच जात नाही, लगेच आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. जिला आधीच जळजळ आहे तिला ही गोळी महिन्या-दोन महिन्यांत सुटते, हा आमचा नेहमीचा अनुभव.

त्यामुळे वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची सलाइन जास्त सोयीची. पण आधी तिचं व्हिटॅमिन डी ११ वरून वर यायला हवं, नाहीतर सलाइननंतर रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, हातापायांना गोळे येतात. म्हणजे साशांचे आठ आठवडे संपल्यावर, पातळी बघून. मूत्रपिंडं चांगली आहेत, तीही अट पूर्ण होते. सलाइननंतर एक-दोन दिवस फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी येऊ शकते, पॅरासिटामॉल आणि पाणी पुरतं. दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या, जबड्याचं हाड न भरण्याची तक्रार क्वचित होते. पुढे मांडीत खोल, सतत दुखायला लागलं तर सांगायचं, मांडीच्या हाडात क्वचित वेगळ्या प्रकारचा तडा जातो. तीन वर्षांनी थांबायचं की पुढे द्यायचं हे पुन्हा ठरतं. या औषधाने मनगट जुळायला उशीर होतो अशी भीती बाळगू नका.

एक सांगून ठेवतो. कोणी सहा महिन्यांच्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनवर टाकलं तर ते कधीही मध्येच सोडायचं नाही, सोडल्यावर मणके लागोपाठ दबतात. गावाकडे वेळेवर मिळेल ना, हे आधी बघावं.

ओसरी
मी जेरियाट्रिक ओपीडीत असते. हाडांबद्दल सगळं झालं, पण ती का पडली, हे कोणी विचारलं नाही. घसरली म्हणून सोडून देऊ नका. पहाटे पाच, उठल्याउठल्या, उंबरा. आई कोणत्या गोळ्या घेते?

कोयनाकाठ
रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, रात्री जेवणानंतर. झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५, चार-पाच वर्षांपासून. चक्कर आली नाही म्हणाली.

ओसरी
लघवी वाढवणारी गोळी रात्री, म्हणजे पहाटे उठणं आलं. झोपेच्या गोळीचा परिणाम पहाटेपर्यंत टिकतो. आणि उठल्यावर रक्तदाब पडत असेल तर चक्कर न जाणवताही तोल जातो. घरी असं मोजा. पाच मिनिटं आडवं ठेवून एक रीडिंग, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, डाव्या हाताला. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने पडला तर रक्तदाब खरोखर पडतोय. बाजूला कोणीतरी धरायला उभं असू द्या.

कोयनाकाठ
आडवं १४२/८०. एक मिनिटाने ११८/७०, तीन मिनिटांनी १२४/७२. बाबांनी धरलं होतं.

ओसरी
चोवीसने पडतोय. हे आकडे घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा, गोळी सकाळी घेता येईल का, त्यातला लघवीचा भाग काढता येईल का विचारा. क्लोनाझेपाम एकदम थांबवू नका, वर्षानुवर्षांच्या सवयीनंतर अचानक बंद केलं तर झोप पार उडते, कधी झटकेही येतात. डॉक्टर आठवड्यागणिक थोडं थोडं कमी करतात. तोवर उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा जळता ठेवा. आणि डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल किंवा वर दूरचं, खाली जवळचं असा चष्मा असेल तर उतरताना पायरी आणि उंबरा धूसर दिसतात.

गवंडीकाम
बांधकामाची कामं घेतो, म्हाताऱ्या माणसांची बाथरूम बरीच करून दिलीत. उंबरा दोन-अडीच इंच असेल तर तो तोडून उताराची पट्टी करा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून आत जाळीची नाली द्या. तोडणं नको असेल तर कडेला ठळक रंगाची पट्टी मारा.

धरायच्या दांड्या स्टीलच्या, साधारण सव्वा ते दीड इंच जाडीच्या, भिंतीपासून दीड इंच अंतराच्या. त्यापेक्षा जास्त अंतर ठेवलं तर हात मधून आत अडकतो. चिकटणाऱ्या रबरी वाटीच्या दांड्या घेऊ नका, ओल्या टाइलवरून सुटतात. टॉवेलची दांडीही धरायची नाही, तिला माणसाचं वजन पेलत नाही. विटांच्या भिंतीत लांब स्क्रू टाइल पार करून विटेत जायला हवेत. पोकळ ब्लॉक असेल तर केमिकल अँकर लागतो. ड्रिल मारायच्या आधी आतली नळाची लाईन कुठून जाते ते बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी भिंत फोडावी लागते. उंची पुस्तकात ३३ ते ३६ इंच असते, पण तुमच्या आई १४९ सेंमीच्या आहेत. त्यांना सरळ उभं करून हात सैल सोडायला लावा, मनगटाच्या रेषेत दांडी घ्या. लावून झाल्यावर तुमच्या घरातल्या सगळ्यात जड माणसाने दांडीला लटकून पाहावं.

पायपुसणं टाइलवर सरकतं. खाली रबर असलेलंच ठेवा, नसेल तर उचला. अभ्यंगाचं तेल फरशीवर सांडलं की साबणाने धुऊन काढा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही.

रानजाई
अजून एक, प्लास्टर असलेले हे आठवडे सगळ्यात धोक्याचे आहेत. एक हात बांधलेला, तोल सावरायला कमी, अंगावरची साडी एका हाताने सावरणं अवघड. या काळात गाऊन किंवा चपखल पंजाबी ड्रेस, मागे पट्टा असलेली चप्पल. सपाता नकोत. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर उठताना मोडका हातच जमिनीवर टेकला जातो. कमोडची खुर्ची त्यावर ठेवा, निदान तीन महिने.

कोयनाकाठ
शौचालय भारतीयच आहे. खुर्ची आणली. सहाव्या आठवड्यात प्लास्टर काढलं, हाड जुळलंय म्हणाले. हात बारीक, कोरडा आणि ताठ दिसतोय. मनगट वर-खाली होतं, पण तळहात वर करून पसरता येत नाही, प्रसाद घेताना कोपरातून वळते. काही बिघडलंय का?

मधुमालती
तळहात वर वळवणं सगळ्यात शेवटी येतं, त्यामुळे घाबरू नका. कोपर कमरेला चिकटवून, हातात पेन किंवा लाटणं धरून हळू वळवा. डाव्या हाताने थोडं पुढे न्या, दहा सेकंद धरा. नमस्काराच्या स्थितीत तळहात जुळवून कोपरं हळू बाहेर काढली की मनगट मागे वाकतं. कोमट पाण्यात हात दहा मिनिटं बुडवून मग करा, जास्त हलतं.

पहिले काही आठवडे कप, चमचा, वेणी घालणं एवढंच. भरलेली बादली, ओले कपडे पिळणं, कणीक मळणं आणि हातावर भार देऊन जमिनीवरून उठणं हे साधारण तीन महिन्यांनी, डॉक्टरांनी सांगितल्यावर.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. हात जळजळतोय, नुसता पदर लागला तरी सहन होत नाही, त्वचा चकचकीत, लालसर किंवा थंड पडलीय, असं झालं तर वाट पाहू नका. लवकर उपचार मिळाले तर आटोक्यात येतं, उशीर झाला तर वर्ष जातं. दुसरं, तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचलून दाखवायला सांगा. काल उचलत होता आणि आज नाही, तेही फारसं न दुखता, तर अंगठ्याची कंडरा घासून तुटली असू शकते. हे हाड सरकलेलं नसतानाही होतं, आठवड्यांनंतरही.

कोयनाकाठ
अंगठा उचलतो. जळजळ नाही. तोल सुधारायला काय करायचं? आणि काठी द्यायची तर कोणत्या हातात?

मधुमालती
हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. तिच्या वयाला अकराच्या खाली आलं तर मांड्या कमजोर आहेत. तेच व्यायाम म्हणून दिवसातून दोनदा, दहा-दहा. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून दहा सेकंद थांबणं, ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं, कडेला चालणं. आठवड्यातून तीन दिवस, सहा महिने तरी, आणि हळूहळू अवघड करत न्यायचं. नुसतं चालायला जाण्याने तोल फारसा सुधारत नाही.

दोन पायांत फरक नसेल तर काठी डाव्या हातात द्या. मोडलेल्या उजव्या हाताला अजून पकड नाही, अचानक भार पडला तर काठी सुटेल. खालचं रबर झिजलं की बदला. उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीएवढी. आणि काठी घेतल्यावर पहिले दोन-तीन दिवस कोणीतरी बरोबर चाला, नवी काठी पायात अडकते.